मोठ्या मार्टनं भाव पाडले, आता काय करायचं? खेड्यातल्या किराणा दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याला नवं मार्ट उघडलं की महिन्याभरात आसपासच्या खेड्यांतून फोन सुरू होतात. यवतमाळ, वाशीम, वर्धा या पट्ट्यातल्या काही किराणा दुकानांचे हिशेब मी पाहतो, त्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

सगळ्या उत्तरांत नमुन्याचं एकच दुकान घेतलं आहे. गाव तालुक्यापासून १४ किलोमीटरवर, १२० घरांची गिऱ्हाइकी, महिन्याला ३ लाखांची विक्री. त्यात २ लाख ७० हजार मालाचे जातात आणि ३० हजार सुटतात. त्या ३० हजारांतून लाइट बिल, पोऱ्याचा पगार, माल आणायचं भाडं आणि घर चालतं. भाव नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे टाकून गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

१. त्यानं भाव पाडले. मीही तेवढेच पाडू काय?

सरसकट पाडू नका. समजा तुम्ही सगळ्या मालावर ५ टक्के कमी केले. तेवढाच माल विकला तर ३ लाखांचे २ लाख ८५ हजार येतील. मालाचे २ लाख ७० हजार काही कमी होत नाहीत. म्हणजे सुटतात १५ हजार. भाव उतरला ५ टक्के, कमाई उतरली निम्म्यावर.

आता ते ३० हजार परत मिळवायचे तर माल दुप्पट विकावा लागेल. गावात घरं तेवढीच आहेत, खाणारी तोंडं तेवढीच आहेत. दुप्पट साखर कोण नेणार? याचं सूत्र सोपं आहे: जितके टक्के उतरवले, त्याला उरलेल्या टक्क्यांनी भागा. १० टक्के सुटत होते, ५ उतरवले, ५ उरले. ५ भागिले ५ म्हणजे १, म्हणजे विक्री शंभर टक्के वाढायला हवी. ३ टक्के उतरवले तर ३ भागिले ७, म्हणजे जवळपास ४३ टक्के वाढ. खेड्यातल्या दुकानाला हेसुद्धा जड आहे. मार्टला एका तालुक्यात तोटा झाला तर दुसऱ्या दहा ठिकाणच्या कमाईतून तो भरता येतो. तुमच्याकडे गल्ला एकच आहे.

२. मग काहीच केलं नाही तर गिऱ्हाईक पळून नाही जाणार काय?

काही जाईल, पण भीती वाटते तेवढं नाही. कोण जाईल हे आधी ओळखा.

मार्टमध्ये साखर किलोमागे ४ रुपयांनी, तेलाची पिशवी १० रुपयांनी आणि तूरडाळ १५ रुपयांनी स्वस्त आहे असं धरू. एका घराला महिन्याला ३ किलो साखर, २ पिशव्या तेल आणि किलोभर डाळ लागते. वाचले १२ अधिक २० अधिक १५, म्हणजे ४७ रुपये. जीपचं किंवा ऑटोचं जाऊन-येऊन भाडं ५० धरा. गाडीवर गेले तरी २८ किलोमीटरला अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल जळतं. नुसत्या या तीन वस्तूंसाठी कोणी मुद्दाम तालुक्याला जाणार नाही.

जाणार ते, जे तसेही जातात: तहसीलला काम असलेला, लेकराला कॉलेजात सोडणारा, आठवडी बाजाराला जाणारा. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये काढायला बँकेत गेलेल्या बायाही येता येता मार्टमध्ये शिरतात, कारण पैसा हातात तिथेच येतो. अशा माणसाला भाडं पडतच नाही, म्हणून त्याच्यासाठी ४७ रुपये पूर्ण ४७ असतात. तुमच्या १२० घरांपैकी अशी घरं किती, हे कागदावर नावं लिहून मोजा. आम्ही मोजतो तेव्हा आकडा बहुतेकदा दुकानदाराच्या पहिल्या अंदाजापेक्षा कमी निघतो.

३. भाव कशाचा उतरवायचा आणि किती?

ज्या वस्तूंचा भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ आहे, तेवढ्यांचाच. खेड्यात त्या मोजून चार-पाच असतात: साखर, सोयाबीन तेल, तूरडाळ, चहापत्ती, कधी कपड्याचं साबण. हळद, मोहरी, अगरबत्ती, खोबरं, बिस्किटाचा पुडा यांचे भाव कोणी तालुक्याशी ताडून पाहत नाही. दुकान महाग की स्वस्त हे लोक त्या चार-पाच वस्तूंवरून ठरवतात.

आमच्या नमुन्याच्या दुकानाचं पाहू. साखर महिन्याला ४०० किलो जाते. खरेदी ४१.५० रुपये, विक्री ४४, मार्टचा भाव ४०. तेलाच्या ३०० पिशव्या जातात. खरेदी १३८, विक्री १४५, मार्ट १३५. तूरडाळ १५० किलो. खरेदी ११८, विक्री १३०, मार्ट ११५. या तिन्हींत मिळून महिन्याला सुटतात १,०००, २,१०० आणि १,८००, म्हणजे ४,९००. एकूण ३० हजारांपैकी फक्त ४,९००! बाकीचे २५ हजार बारीकसारीक मालातून येतात. हा हिशेब मांडला की बहुतेकांचा जीव अर्धा भांड्यात पडतो.

मार्टच्या भावाला भिडायचं नाही. अर्ध्या वाटेपर्यंत यायचं आणि खरेदीच्या खाली जायचं नाही. साखर ४२, तेल १४०, डाळ १२२. सोडले किती? ८०० अधिक १,५०० अधिक १,२००, म्हणजे ३,५००. मार्टला जाणाऱ्या घराची बचत आता ४७ वरून २३ रुपयांवर आली. एक घर महिन्याला २,५०० चा माल नेतं, त्यात तुमचे २५० सुटतात. म्हणजे या ३,५०० रुपयांमुळे जाणारी १४ घरं थांबली तर पैसे वसूल. वर काढलेल्या यादीत तालुक्याला नेहमी जाणारी घरं १४ पेक्षा कमी असतील तर एवढंही उतरवू नका. तीनपैकी एकाच वस्तूला हात लावा, तोही तेलाला, कारण दर आठवड्याला विचारला जाणारा भाव तेलाचा असतो.

४. त्याचा विक्रीचा भाव माझ्या खरेदीच्या खाली आहे. त्याला परवडतं कसं?

यामागे सहसा तीन कारणं असतात, आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

पहिलं, त्या वस्तूवर तो मुद्दाम तोटा खातो आणि साबण, भांडी, कपडे, खेळण्यांत काढतो. अशी सूट बहुधा अटीची असते. पाटीवर साखर ३५ दिसते आणि खाली बारीक अक्षरात “१,५०० च्या खरेदीवर, एका बिलावर २ किलो” लिहिलेलं असतं. म्हणून पाटीवर विश्वास ठेवू नका. तालुक्याहून आलेल्या शेजाऱ्याकडून बिल मागून घ्या आणि त्यावरचा भाव लिहून ठेवा.

दुसरं, वजनात फरक. तेलाची पिशवी पूर्ण लिटरची, म्हणजे साधारण ९१० ग्रॅमची, की ८५० किंवा ८०० ग्रॅमची? पिशव्या दिसायला सारख्याच असतात. पाकिटावर ग्रॅमचा किंवा मिलिलीटरचा भाव छापलेला असतो, तो गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवा.

तिसरं, त्याची खरेदीच खरोखर स्वस्त आहे, कारण त्यानं ताजा माल घेतला आणि बाजार खाली आला. केंद्र सरकारनं ३० मे २०२५ ला कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केलं. अशा बदलानंतर ज्याचा माल आठवड्यात संपतो तो लगेच भाव उतरवू शकतो आणि ज्याच्याकडे दोन महिन्यांचा साठा पडलाय तो अडकतो. यात मार्टनं तुमच्यावर चाल केलेली नसते, बाजारच हललेला असतो. ठोकवाल्याला फोन करून आजचा भाव विचारला की कळतं.

५. माझा माल जुन्या, महागड्या भावाचा आहे. तोटा खाऊन कसा विकू?

प्रश्न ४ मधलं तिसरं कारण असेल तर विकावाच लागेल. तुम्ही काय भावानं घेतलं याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नाही. भाव ठरवताना बिलावरची खरेदी पाहू नका. तोच माल आज आणला तर काय पडेल, ते पाहा. तेल १३८ ला घेतलं आणि आज ठोकमध्ये १३० ला मिळतंय, तर १३७ ला विकून रिकामे व्हा आणि त्याच पैशात नवीन आणा. १४५ धरून बसलात तर साठा तसाच राहतो आणि पैसा त्यात अडकून पडतो.

पुढच्या वेळी तेल आणि साखर पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरू नका. “ट्रक उतरवतो, पेटीमागे दोन रुपये कमी” असं कोणी म्हटलं तरीही.

६. रोखीचं गिऱ्हाईक मार्टला जातं आणि उधारीवालं माझ्याकडे येतं. याचं काय?

आलेल्या सगळ्या प्रश्नांत मला हाच सर्वांत गंभीर वाटतो. भावाच्या लढाईत खेड्यातलं दुकान मरतं ते कमी नफ्यानं नाही, रोख आटल्यानं.

आकडे पाहा. आधी ३ लाखांच्या विक्रीत १ लाख ८० हजार रोख होते, १ लाख २० हजार उधार. ठोकवाल्याला २ लाख ७० हजार द्यायचे, म्हणजे जुन्या उधारीतून दरमहा ९० हजार वसूल झाले की गाडं चालत होतं. मार्ट आल्यावर विक्री अडीच लाखांवर आली. रोख १ लाख २० हजार, उधार १ लाख ३० हजार. मालाचे आता २ लाख २५ हजार द्यायचे. त्यातले रोखीचे १ लाख २० हजार वजा केले तर वसुलीतून १ लाख ५ हजार यायला हवेत. विक्री कमी झाली, तरी वसुलीची गरज वाढली. आणि पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत वसुली येणार कुठून? सोयाबीन निघेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो, कापसाचा त्याहून नंतर येतो, तुरीचा तर जानेवारी-फेब्रुवारीत.

म्हणून प्रश्न ३ मधले उतरवलेले भाव फक्त रोखीला द्या. उधारीला जुनाच भाव. हे शांतपणे, सगळ्यांना सारखं सांगा: “रोख द्याल तर तेल १४०, वहीत लिहायचं तर १४५.” यात कोणाचा अपमान नाही. पैसा थांबतो त्याचा खर्च असतो, तो शेतकऱ्यालाही कळतो. मजुरी करणाऱ्या घरांना बाजाराच्या दिवशी चुकारा मिळतो. त्यांना त्या एका दिवसापुरता रोखीचा भाव धरून द्या, म्हणजे चुकारा आधी तुमच्या गल्ल्यात येईल.

नवीन उधारीला मर्यादा घाला, जुनी तोडू नका. ज्या घराचं खातं दरवर्षी दिवाळीला साफ होतं ते तुमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक आहे, कारण मार्ट वहीत लिहीत नाही. जे खातं दोन दिवाळ्या साफ झालं नाही, त्याला तेल-साखर रोखीनंच.

धोका ओळखायची खूण एकच: रोज रात्री गल्ला मोजताना रोख विक्री एकूण विक्रीच्या निम्म्याखाली सलग पंधरा दिवस राहिली, तर भाव आणखी उतरवायचा विचार सोडा आणि आधी वसुलीला बसा.

७. “मार्टपेक्षा स्वस्त” अशी पाटी लावू काय?

लावू नका. त्यानं आणखी दोन रुपये उतरवले की पाटी खोटी पडते आणि ती उतरवताना सगळं गाव पाहतं. शिवाय तुलना करायला तुम्हीच लोकांना शिकवता. फळीवर साधा आजचा भाव लिहा, तोही ज्या तीन-चार वस्तूंचा उतरवला आहे त्यांचाच.

८. समोर मार्ट नाही. तालुक्यातला ठोक व्यापारीच चिल्लर विकायला बसलाय. त्याच्याशी कसं वागायचं?

वर लिहिलेलं सगळं इथे लागू आहे, पण खरी भावयुद्धाची भीती इथेच आहे. कंपनीच्या मार्टचे भाव वर कुठेतरी ठरतात. तिथल्या मॅनेजरला तुमचं दुकान माहीतही नसतं, तुम्ही ४२ ची साखर केली काय आणि ४४ ची, तो हलणार नाही. ठोकवाल्याचं तसं नाही. तुमचा भाव त्याला संध्याकाळपर्यंत कळतो, आणि त्याला तो मनाला लागतो.

अशा माणसाच्या भावाला खाली जाऊन कधीच कापू नका. त्याच्यापेक्षा दोन रुपये वर राहा आणि तिथे टिका. त्यानं पुन्हा उतरवलं तर लगेच उत्तर देऊ नका. दोन आठवडे थांबा. तुम्ही न हलता त्यानं दुसऱ्यांदा उतरवलं तर तो कोणाला तरी दुसऱ्यालाच पाहून उतरवतोय. तुम्ही हलल्यावर दोन दिवसांत उतरवलं तर त्याचं लक्ष तुमच्यावर आहे, आणि मग तुमचं पुढचं प्रत्येक पाऊल त्याच्या हातात जातं.

तुम्ही त्याच्याचकडून माल भरत असाल तर खरेदी हळूहळू दुसरीकडे वळवा. डाळ अकोल्याच्या मिलवाल्याकडून, मसाला-सुकामेवा नागपूरच्या इतवारीतून. एका झटक्यात तोडलं तर उरलेली बाकी तो एका दिवसात मागतो, हे लक्षात ठेवा.

९. आम्ही गावातले चार दुकानदार मिळून एकच भाव ठरवला तर?

विक्रीचा भाव मिळून ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ नुसार चालत नाही, मग तो चढा असो की उतरता. मिळून खरेदी करणं वेगळं. चौघांनी एकत्र ५ क्विंटल डाळ उचलली, भाडं वाटून घेतलं आणि विकताना ज्यानं त्यानं आपला भाव ठेवला, तर त्यात अडचण नाही. किलोमागे दोन-तीन रुपये तिथेच वाचतात. तेवढ्यानं प्रश्न ३ मधल्या उतरवलेल्या डाळीचा बराच भार हलका होतो.

१०. खरेदीच्या खाली विकणं बेकायदेशीर नाही काय? तक्रार कुठे करू?

छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, कमी घेणं नाही. प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चाच्या खाली विकणं हे स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्ये येतं, पण विकणाऱ्याचं त्या बाजारात वर्चस्व आहे हे आधी सिद्ध व्हावं लागतं. २०१७ मध्ये एअरटेलनं जिओच्या फुकट सेवेविरुद्ध तक्रार केली, तेव्हा भारतीय स्पर्धा आयोगानं जिओचं वर्चस्व नाही म्हणून ती बंद केली. एअरटेलएवढ्या कंपनीची ही गत, तर एका तालुक्यातल्या साखरेच्या भावावर तुमचा वेळ घालवू नका.

११. कंपनीचा सेल्समन काही मदत करतो काय?

करतो, पण भाव कमी करून मागू नका. स्कीम मागा: डझनावर एक, किंवा रोख भरल्यावर सूट. आणि १० रुपयांच्या पुड्या जास्त मागा. मार्टमध्ये मोठं पाकीट स्वस्त असतं, मजुराच्या घरात रोज लागणारी छोटी पुडी मात्र तुमच्याकडेच घेतली जाते.

१२. मार्टमधूनच स्वस्त साखर आणून विकली तर?

पाकीटबंद, छापील किमतीचा माल असेल आणि बिल घेतलं असेल तर विकता येतो. काही दुकानदार तेलाचं असं करतात. पण एका बिलावर पिशव्यांची मर्यादा असते, फेरीचं पेट्रोल असतं, आणि दुकान बंद ठेवून गेलात तर तो तोटा वेगळा. तालुक्याला तसंही जाणं असेल तेव्हा जमेल तेवढं आणा. त्यावर धंदा उभा करू नका, सूट कधीही बंद होते.

१३. उतरवलेला भाव परत चढवायचा कसा? लोक बोंब मारतील.

बाजाराबरोबर चढवा. ठोकचा भाव वाढला की त्या दिवशी तुमचाही वाढवा, आणि वाढीपेक्षा अर्धा-एक रुपया जास्त. एका वेळी एकच वस्तू. मार्टची उद्घाटनाची सूट टिकते की नाही हे पाहायला सलग तीन-चार बाजारांची बिलं जमवा. त्यातला भाव वर सरकताना दिसला की तुमचा मोकळा झाला. सणाच्या तोंडावर चढवू नका, पोळा-दिवाळीत केलेली वाढ लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

१४. तीन महिने झाले, त्याचा भाव तसाच आहे आणि माझे पैसे कमीच होत आहेत. आता?

मग ती सूट नाही, त्याचा कायमचा भाव आहे, आणि त्या दोन-तीन वस्तूंत तुम्ही त्याला कधीच गाठणार नाही. त्या वस्तू कमी करा, बंद करू नका. तेलाचे पाच ब्रँड ठेवत असाल तर एक ठेवा, तोही थोडा. मोकळा झालेला पैसा जिथे सुटतं तिथे लावा: सुटी हळद-तिखट, पूजेचं सामान, वह्या-पेन, हंगामात दोरी आणि कापूस वेचायच्या झोळ्या. प्रश्न ३ मधला हिशेब दर तीन महिन्यांनी नव्यानं मांडा. ज्या दुकानात बारीक मालातले ते २५ हजारसुद्धा खाली यायला लागले आहेत, तिथे प्रश्न भावाचा राहिलेला नाही. गावातली घरं कमी झाली की समोर नवं दुकान निघालं, हे आधी पाहा.